रेंडर मंजूर करण्याआधी: डबा हातात घ्या आणि खिडकीपाशी बसा

आम्ही पाठवलेलं रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेलं वस्तूचं चित्र, बहुतेक ग्राहक फोनवर उघडतात आणि "छान आहे" किंवा "काहीतरी खटकतंय" असं कळवतात. खटकतंय हे बरोबर असतं, कारण वस्तू रोज तुमच्या हाताखालून जाते. पण नेमकं काय खटकतंय ते शोधण्यात दोन-तीन फेऱ्या जातात आणि वस्तू दुकानाच्या पानावर चढायला उशीर होतो. म्हणून हे पत्रक. गोरेगावच्या आमच्या स्टुडिओत नुकतंच केलेलं एक काम उदाहरणाला घेतलं आहे: ऑफिसला न्यायचा दोन खणी स्टीलचा डबा. उंची १८ सेंटिमीटर, व्यास १४, अंग चकचकीत, झाकण ब्रश फिनिशचं, बाजूला दोन काळ्या प्लास्टिकच्या क्लिपा.

तपासणीचा क्रम ठरलेला ठेवा: आधी कॅमेऱ्याचा कोन, मग प्रकाश, शेवटी मटेरियल. चकचकीत स्टीलला स्वतःचं असं रूप फारसं नसतं, भोवताली जे असेल ते ते दाखवतं. कॅमेरा थोडा सरकला की अंगावरची सगळी प्रतिबिंबं बदलतात. झाकणाची चमक आधी मंजूर करून नंतर "जरा वरून दाखवा" म्हटलं, तर चमकेचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. म्हणूनच आम्ही सुरुवातीला बिनरंगाचं, एकसारखं करडं रेंडर पाठवतो. ते पाहून "हे असं मातीचं का?" असं विचारू नका. त्यात फक्त आकार आणि कोन बघायचा असतो.

कोन

या डब्याच्या पहिल्या करड्या रेंडरमध्ये डबा खाली निमुळता दिसत होता. ग्राहकांना वाटलं, आमचं मॉडेल चुकलं. मॉडेल बरोबर होतं, कॅमेरा फार जवळ होता. २४ मिलिमीटरची लेन्स लावून हा डबा चौकटीत भरायचा तर कॅमेरा साधारण पाव मीटरवर आणावा लागतो. इतक्या जवळून किंचित वरून पाहिलं की झाकण डोळ्याजवळ येतं, तळ लांब राहतो आणि झाकणापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने अरुंद दिसतो. १०० मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा मीटरभर मागे नेला, तेव्हा हा फरक नजरेला जाणवेनासा झाला. आकार बिघडतो तो अंतरामुळे. लेन्स फक्त ते अंतर ठरवते.

हे तुम्हाला साध्या पट्टीने तपासता येतं. रेंडर पडद्यावर मोठं करा, झाकणाची रुंदी मोजा, तळाची मोजा. खऱ्या डब्यात दोन्ही सारख्या असतील तर पडद्यावरही जवळपास सारख्याच यायला हव्यात.

दुसरं मोजमाप कॅमेऱ्याच्या उंचीचं. वरून पाहिलेलं गोल झाकण लंबगोल दिसतं. त्या लंबगोलाची उंची रुंदीच्या एक तृतीयांश असेल तर कॅमेरा साधारण २० अंश वरून पाहतोय, निम्मी असेल तर ३० अंश. डब्यासाठी आम्ही १५ ते २० अंश धरतो: झाकण दिसतं आणि दोन खण आहेत हेही कळतं. ३० अंशांच्या पुढे डबा बुटका वाटू लागतो आणि घेणारा "यात तीन पोळ्या मावतील का?" अशा शंकेत पडतो.

प्रकाश

प्रकाश कुठून येतोय याचे दोन साक्षीदार असतात, सावली आणि चमक. दोघांचं म्हणणं जुळलं पाहिजे. दुसऱ्या फेरीत डब्याची सावली उजवीकडे पडत होती, म्हणजे दिवा डावीकडे होता. पण क्लिपेच्या गोल कडेवरची सर्वांत ठळक चमक उजव्या अंगाला होती. कारण असं की सावली आम्ही ठेवलेल्या दिव्याची होती आणि प्रतिबिंब एचडीआरआयचं, म्हणजे वस्तूभोवती गुंडाळून तिला प्रकाश आणि प्रतिबिंबं देणाऱ्या चित्राचं. ते चित्र फिरवताना दिव्याशी जुळवायचं राहून गेलं होतं. चूक आमचीच, आणि ग्राहकांनी ती "डबा चिकटवल्यासारखा दिसतोय" या शब्दांत पकडली होती. डबा जमिनीला टेकतो तिथेही पाहा. तळाखाली अगदी बारीक, गडद रेघ हवी आणि तिथून सावली लांब जाईल तसतशी विरळ व्हायला हवी. रेघेच्या जागी पांढरी फट दिसली तर डबा तरंगतो.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर स्टीलची एक खास अडचण येते. अ‍ॅमेझॉनवर मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे 255, 255, 255 लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. चकचकीत अंग चहूबाजूंची पांढराई दाखवू लागलं की डब्याच्या कडा पार्श्वभूमीत विरघळतात. फोटोग्राफर अशा वेळी वस्तूच्या दोन्ही बाजूंना काळा पुठ्ठा उभा करतात, आम्हीही रेंडरमध्ये तसेच काळे पट्टे ठेवतो. त्यामुळे अंगाच्या दोन्ही कडांना एक उभी गडद रेघ येते. ती रेघ पाहून "डाग काढा" असं पुष्कळदा कळवलं जातं. कृपया ती राहू द्या, डब्याची गोलाई तिच्यामुळेच कळते.

मटेरियल

आता खरा डबा घ्या आणि खिडकीपाशी बसा. नाहीतर ट्यूबलाइटखाली. ब्रश फिनिशच्या झाकणावर गोल गोल बारीक रेषा असतात आणि त्यामुळे चमक ठिपक्यासारखी न पडता मध्यातून दोन बाजूंना पसरते, डमरूसारखी. झाकण जागच्या जागी गोल फिरवा: डमरू फिरत नाही. झाकण थोडं तिरकं करा, लगेच सरकतो. आमच्या रेंडरमध्ये झाकणाच्या मध्यभागी नुसता धूसर गोल ठिपका असेल, तर आम्ही ते फक्त खरखरीत केलंय, रेषांची दिशा दिलेली नाही. या डब्यात तसंच झालं होतं. दिशा दिल्यावर झाकण प्लास्टिकचं वाटायचं थांबलं. रेषांची जाडीही पाहा, कारण त्या खऱ्यापेक्षा ठळक असतील तर डबा खेळण्यातल्या भातुकलीएवढा वाटतो.

क्लिपेच्या कडांवर बोट फिरवा. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकची कड कधी सुरीसारखी धारदार नसते. अर्ध्या मिलिमीटरची का होईना, गोलाई असते आणि तिच्यावर प्रकाशाची बारीक ओळ धरते. रेंडरमध्ये ती ओळ नसेल तर कळवा.

एक गोष्ट मात्र आम्ही करत नाही. खऱ्या डब्याचं अंग मंद चमकेचं असेल आणि चित्रात ते आरशासारखं मागितलं, तर आम्ही नाही म्हणतो. पार्सल उघडणाऱ्या माणसाला चित्रातलाच डबा मिळायला हवा, नाहीतर तो परत येतो आणि येण्याजाण्याचा खर्च तुमच्या माथी बसतो. म्हणून नुसते फोटो न पाठवता एक नग आमच्याकडे ठेवायला द्या. काम संपलं की परत पाठवू.

दुरुस्ती कळवताना स्क्रीनशॉटवर गोल काढा आणि हातातल्या वस्तूत त्या जागी काय दिसतं ते एका वाक्यात लिहा. "प्रीमियम वाटत नाही" यावरून आम्हाला हात घालायची जागा सापडत नाही. "झाकणावरचा डमरू दिसत नाही" यावरून लगेच सापडते. रंग पाहताना फोनचा पडदा पिवळसर करणारा नाइट मोड बंद ठेवा, नाहीतर स्टील पितळेकडे झुकलेलं दिसेल. आणि मंजुरी देण्याआधी चित्र फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं करून एकदा पाहा. दुकानाच्या यादीत ते आधी तेवढंच दिसणार आहे, आणि तेवढ्यातही दोन खण वेगळे कळले पाहिजेत.