कोल्ड ॲग्लुटिनिन, क्रायोग्लोब्युलिन आणि पेशीगणनेतील फसवे आकडे

रक्ताचा नमुना शरीराबाहेर थंड झाल्यावर त्यातील काही प्रथिनांचे वर्तन बदलते आणि सेल काउंटर रुग्णाच्या रक्तात नसलेले आकडे छापतो. अशी दोन प्रथिने प्रयोगशाळेत वारंवार भेटतात. कोल्ड ॲग्लुटिनिनमुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि मोजणीत कमी भरतात. क्रायोग्लोब्युलिनचे गारठ्यात कण बनतात आणि ते पेशी म्हणून मोजले जातात. नमुना ३७ अंश सेल्सियसला आणला की दोन्ही बदल बहुतेक वेळा मागे फिरतात.

कोल्ड ॲग्लुटिनिन ही साधारणपणे आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे असतात. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील ‘आय’ प्रतिजनाला ती चिकटतात. मायकोप्लाझ्मा न्यूमोनियानंतर ती काही आठवडे दिसू शकतात. लिम्फोमासारख्या आजारांत ती टिकून राहतात. हे बंधन ४ अंशांना सर्वांत घट्ट असते आणि ऊब मिळताच सैल होते. आयजीएमचा रेणू मोठा, पाच घटकांचा असल्याने तो एकाच वेळी अनेक पेशींना धरून ठेवू शकतो.

इम्पिडन्स पद्धतीच्या काउंटरमध्ये पेशी बारीक छिद्रातून जाते तेव्हा विजेचा एक स्पंद उठतो. स्पंदांची संख्या म्हणजे पेशींची संख्या आणि स्पंदाची उंची म्हणजे आकारमान. दोन चिकटलेल्या पेशी एकच मोठी पेशी म्हणून नोंदल्या जातात, तर मोठे गठ्ठे यंत्राच्या वरच्या मर्यादेपलीकडे जाऊन मोजलेच जात नाहीत. हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून मोजतात, त्यामुळे ते बरोबर येते. निदानाचा धागा याच विसंगतीत आहे.

समजा, हिमोग्लोबिन १०.२ ग्रॅम प्रति डेसिलिटर, तांबड्या पेशी १४ लाख प्रति मायक्रोलिटर आणि एमसीव्ही, म्हणजे पेशीचे सरासरी आकारमान, ११२ फेम्टोलिटर आला. यंत्र हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा, या दोन आकड्यांच्या गुणाकाराने काढते, म्हणून तो जेमतेम १५.७ टक्के निघतो, आणि एमसीएचसी, म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनची दाटी, ६५. इतके हिमोग्लोबिन तांबड्या पेशीत मावूच शकत नाही. तोच नमुना ऊब देऊन लगेच चालवला आणि पेशी ३४ लाख, एमसीव्ही ९० आला, तर हिमॅटोक्रिट ३०.६ आणि एमसीएचसी ३३.३ होतो. हिमोग्लोबिन जागचे हललेले नाही. पहिला रिपोर्ट तसाच गेला असता, तर डॉक्टरांनी मोठ्या पेशींच्या ॲनिमियाचा, म्हणजे बी-१२ च्या कमतरतेचा शोध सुरू केला असता.

एमसीएचसी ३७ च्या वर दिसला की रिपोर्ट थांबवून ट्यूब तिरपी करून पाहावी. काचेवर वाळूसारखे दाणे दिसतात. स्लाइडवर पेशींचे वेडेवाकडे पुंजके असतात, रूलोतल्यासारख्या सरळ चळती नसतात. नंतर घट्ट झाकणाची ईडीटीए ट्यूब ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये १५ ते ३० मिनिटे ठेवावी, हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करावी आणि वाट न पाहता मशीनला लावावी. रांगेत ठेवलेली ट्यूब वातानुकूलित खोलीत पुन्हा गार होते. काउंटरचा डायल्युएंटही खोलीच्याच तापमानाचा असतो, म्हणून जोरदार प्रतिपिंडात एवढे पुरत नाही. मग ऊब दिलेला नमुना फिरवून प्लाझ्मा काढतात आणि तेवढ्याच घनफळाचे ३७ अंशांचे सलाइन घालून पुन्हा मोजतात. प्लाझ्माबरोबर प्लेटलेट निघून जातात, म्हणून त्यांचा आकडा या मोजणीतून कधीही घेऊ नये. वॉटर बाथचे तापमान थर्मामीटरने तपासावे. ५० अंशांकडे गेल्यास तांबड्या पेशी तुटू लागतात आणि नवीच चूक तयार होते.

क्रायोग्लोब्युलिनची चूक उलट्या दिशेची. हिपॅटायटिस सी किंवा मायलोमाच्या काही रुग्णांत ही इम्युनोग्लोब्युलिने गारव्यात साकळतात. पेशी फोडणारे द्रव्य या कणांना विरघळवत नाही. लहान कण प्लेटलेटांत आणि मोठे पांढऱ्या पेशींत मोजले जातात. सकाळी १४ हजार आलेल्या पांढऱ्या पेशी दुपारी त्याच ट्यूबमध्ये २४ हजार दिसल्या, तर संशय घ्यावा, कारण नमुना जितका गार होतो तितके कण वाढतात. स्लाइडवर मात्र पांढऱ्या पेशी मोजक्याच आणि मधूनमधून फिकट निळसर, निराकार पदार्थ दिसतो. ऊब दिल्यावर आकडा स्लाइडशी जुळला, तर तोच रिपोर्टमध्ये द्यावा आणि नमुना गरम करून मोजल्याची टीप लिहावी.

ऊब देऊनही एमसीएचसी उतरला नाही, तर प्लाझ्मा दुधाळ आहे का, लालसर आहे का, हे पाहावे. चरबीयुक्त प्लाझ्मात आणि नमुन्यातच पेशी फुटल्यावरही हा आकडा चढतो, पण त्याला तापमानाचा इलाज नाही. खुद्द क्रायोग्लोब्युलिनच्या चाचणीसाठी काउंटरची ट्यूब चालत नाही. रक्त आधीच ३७ अंशांना तापवलेल्या साध्या ट्यूबमध्ये घ्यावे लागते आणि सीरम वेगळे होईपर्यंत ती ऊब राखावी लागते. कलेक्शन सेंटरवरून बर्फाच्या पेटीत आलेल्या नमुन्यात क्रायोग्लोब्युलिन गुठळीबरोबर खाली बसते, आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते.