एनिमा व ग्लिसरीन सपोझिटरी : घरगुती वापर

गुदद्वारातून द्रव किंवा वितळणारी वर्ती आत सोडून मोठ्या आतड्याचा अखेरचा भाग रिकामा करण्याच्या या दोन पद्धती आहेत. एनिमा म्हणजे द्रव. बोलीत त्याला पिचकारी म्हणतात. सपोझिटरी ही बोटाच्या पेराएवढी, टोकाशी निमुळती वर्ती असते आणि अंगाच्या उष्णतेने ती आत विरघळते. आयुर्वेदातील बस्ती आणि फलवर्ती यांच्याशी त्यांचे बाह्य साम्य असले तरी बस्ती ही वैद्याने प्रकृती पाहून करावयाची स्वतंत्र चिकित्सा असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या, घरच्या घरी वापरल्या जाणाऱ्या साधनांपुरतीच ही नोंद मर्यादित आहे.

ग्लिसरीन पाणी ओढून घेते. वर्ती विरघळू लागली की गुदाशयाच्या अस्तरातून पाणी आत येते, तेथील मळ बाहेरून ओला व निसरडा होतो आणि अस्तराला किंचित चुरचुर होऊन शौचाची भावना जागी होते. परिणाम बहुधा पंधरा मिनिटे ते एक तासात दिसतो. तिचे काम गुदाशयापुरतेच असते, हे समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. मळ आतड्याच्या वरच्या भागात अडकला असेल, किंवा गुदाशय मुळात रिकामाच असेल, तर वर्तीचा उपयोग होत नाही. एकीने काही झाले नाही म्हणून लगेच दुसरी घालणे त्यामुळे निरर्थक ठरते.

घरी वर्ती वापरणे रास्त ठरते ते असे : शौचाची भावना होते, मळ दाराशी आल्याचे जाणवते, पण तो कडक असल्याने कुंथूनही बाहेर पडत नाही, पोटात तीव्र दुखत नाही, उलटी नाही, ताप नाही, रक्त पडलेले नाही. प्रवास, आजारपणातील पडून राहणे, नव्याने सुरू झालेली लोहाची गोळी अशा तात्पुरत्या कारणाने हे घडले असेल तर एखादी वर्ती निर्धास्तपणे वापरता येते. हात धुऊन, वेष्टण काढून, वर्ती साध्या पाण्यात ओली करावी. डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्यावा, निमुळते टोक पुढे ठेवून वर्ती साधारण एक इंच आत सरकवावी आणि ती मळाच्या गोळ्यात न रुतता गुदाशयाच्या भिंतीला टेकेल अशी ठेवावी. मळात रुतलेली वर्ती भिंतीला स्पर्श करत नाही, आणि ती निष्फळ ठरण्याचे हे नेहमीचे कारण आहे. त्यानंतर निदान पंधरा मिनिटे तसेच पडून राहावे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात या वर्त्या मऊ पडतात. अशा वेळी वेष्टणासह काही मिनिटे माठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्यास त्या पुन्हा घट्ट होतात.

एनिमाचा विचार अधिक सावधपणे करावा लागतो. दुकानात मिळणाऱ्या तयार बाटलीत बहुधा सोडियम फॉस्फेटचे तीव्र द्रावण असते. ते काही मिनिटांतच काम करते, परंतु शौच झाले नाही आणि द्रावण आतच राहिले तर फॉस्फेट रक्तात शोषले जाते, रक्तातील कॅल्शियम घसरते, पाणी कमी होते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये याविषयी इशारा दिला. 24 तासांत एकापेक्षा अधिक मात्रा घेऊ नये, दोन वर्षांखालील मुलांना हा एनिमा मुळीच देऊ नये, आणि वय 55 च्या पुढे असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा लघवीच्या, रक्तदाबाच्या काही व वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये, असे त्यात सांगितले होते. उन्हाळ्यात आधीच पाणी कमी पडलेल्या वृद्ध शरीरात हा धोका वाढतो. साबणाच्या पाण्याचा एनिमा मात्र पूर्ण टाळावा, कारण साबणाने आतड्याचे अस्तर भाजल्यासारखे सुजते. नुसत्या पाण्याचे मोठे एनिमे वारंवार दिल्यास रक्तातील सोडियम घसरते, लहान मुलांत विशेषतः. नळीचे कडक टोक जोराने ढकलल्यास गुदाशयाच्या भिंतीला छिद्र पडू शकते. एनिमानंतर पोट ताठ होणे, वाढत जाणारी वेदना, ताप किंवा रक्तस्राव ही त्याची लक्षणे असून तेव्हा एक तासही वाट पाहू नये.

पुढील प्रातिनिधिक उदाहरणात उपयोग आणि धोका दोन्ही एकाच घरात दिसतात. बीड जिल्ह्यातील एका गावात सुमारे सत्तर वर्षांच्या आजी खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर खाटेवर आहेत. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले असून घरी कॉलेजात शिकणारी नात आहे. आजींना ट्रामाडॉल, लोह आणि कॅल्शियम अशा तीन गोळ्या चालू आहेत, आणि या तिन्हींनी मळ घट्ट होतो. शिवाय शौचाला उचलून न्यावे लागू नये म्हणून त्या दिवसभरात तांब्याभर पाणीही पीत नाहीत. सहा दिवस शौच होत नाही आणि सातव्या दिवशी पातळ, दुर्गंधीयुक्त पाणी नकळत कपड्याला लागू लागते. नात म्हणते, ‘आजीला जुलाब लागले’, आणि शेजारणीने सुचवलेली जुलाब थांबवण्याची गोळी देते.

हे जुलाब नव्हेत. गुदाशयात मळाचा दगडासारखा गोळा बसतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने पाझरतो. थोडे थोडे येणे, येताना न कळणे, त्याआधी बरेच दिवस खरे शौच झालेले नसणे आणि ओटीपोट जड असणे या खुणांवरून ते ओळखता येते. जुलाब थांबवणाऱ्या गोळीने गोळा अधिकच पक्का होतो. बोटाने तपासल्यावर निदान स्पष्ट होते, मात्र ही तपासणी ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर किंवा परिचारिकेने करावी. आजींना या तीन गोळ्यांखेरीज रक्तदाबासाठी लोसार्टानही चालू असल्याने फॉस्फेटचा एनिमा घरी देणे येथे धोक्याचे ठरले असते. रुग्णालयात गोळा बोटाने फोडून काढला गेला, त्यानंतर ग्लिसरीनची वर्ती दिली गेली, आणि घरी परतताना रोज मॅक्रोगॉलची पावडर 17 ग्रॅम पेलाभर पाण्यात घेण्यास सांगण्यात आले. मॅक्रोगॉल पाणी मळातच धरून ठेवते व एक ते तीन दिवसांत काम करते. ट्रामाडॉलऐवजी पॅरासिटामॉल पुरेल का, हे शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना विचारण्यात आले. इसबगोल मात्र या टप्प्यावर दिला गेला नाही, कारण पुरेसे पाणी न पिणाऱ्या, खाटेवरील माणसात तो स्वतःच गोळा होऊन बसू शकतो.

अवलंबित्वाचा प्रश्न यानंतर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आजींना शौच झाले नाही, तिसऱ्या दिवशी सकाळीही नाही, आणि नातीने घाबरून वर्तीचे पाकीट काढले. येथे हिशेब मांडून पाहिला पाहिजे. अन्न तोंडातून गुदाशयापर्यंत पोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. आतड्याचा अखेरचा भाग एकदम रिकामा केला, तर तो पुन्हा भरून भिंत ताणली जाईपर्यंत शौचाची भावना येण्याचे कारणच नसते. दोन दिवस काही न होणे हे त्या वेळी बद्धकोष्ठ नसून आधीच्या रिकामे करण्याचा परिणाम असतो. या रिकाम्या दिवसांना ‘पोट साफ झालं नाही’ असे समजून वर्ती घातली की आतडे पुन्हा रिकामे होते, पुन्हा दोन दिवस काही होत नाही, पुन्हा वर्ती लागते. व्यसनाच्या पदार्थासारखी ओढ येथे नसते. चुकीच्या मोजणीने फिरत राहणारे हे चक्र आहे. ‘रोज सकाळी एकदा झालेच पाहिजे’ हा समज त्याच्या मुळाशी असतो, वास्तविक दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा ही सारी मर्यादा सामान्य मानली जाते. आरोग्यसेविकेने नातीला थांबवले, आणि आजींना चौथ्या दिवशी चहा-भाकरीनंतर आपोआप शौच झाले.

वेळेचा उपयोग या ठिकाणी होतो. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासात मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि सकाळी ती अधिक जोमदार असते. तेव्हा भावना दाबली, तर ती विरते आणि मळातील पाणी शोषले जाऊन तो अधिक कडक होतो. वर्षानुवर्षे दाबत राहिल्यास गुदाशय सैलावतो व भरल्याची जाणीव मंदावते. ज्या वस्त्यांवर बायकांना अंधार पडेपर्यंत थांबावे लागते, किंवा शौचालय असून उन्हाळ्यात त्यात टाकायला पाणी नसते, तेथे हे दाबणे सवयीचा दोष नसून नाइलाज असतो. अशा स्त्रीला केवळ वर्ती देणे म्हणजे कारण तसेच ठेवणे होय, आणि हे दवाखान्यात फारसे विचारले जात नाही याची खंत वाटते.

आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा वर्ती किंवा एनिमा लागत असेल, आणि असे काही आठवडे चालले असेल, तर कारण शोधले पाहिजे. थायरॉइडची कमतरता, मधुमेह, गोळ्यांचे परिणाम ही सामान्य कारणे. काहींमध्ये कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात. त्यांना वर्तीने त्या दिवसापुरता आराम पडतो, पण खरा उपचार स्नायू सोडायला शिकवणाऱ्या व्यायामाचा असतो. पन्नाशीनंतर शौचाची सवय अकारण बदलणे, रक्त पडणे, वजन घटणे किंवा रक्त कमी होणे, यांत वर्त्यांवर दिवस काढल्याने आतड्याचा कर्करोग उशिरा सापडू शकतो. पोटदुखीबरोबर उलट्या होत असतील, पोट फुगले असेल आणि वाराही सरत नसेल, तर वर्ती किंवा एनिमा काहीही न देता रुग्णालय गाठावे. तेथे आतडे अडल्याची किंवा अपेंडिक्सची शंका असते. मणक्याला इजा होऊन कमरेखालची जाणीव गेलेल्या व्यक्तींचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्यासाठी ठरलेल्या वेळी वर्ती घेणे हा आखलेला उपचारच असतो, आणि त्याला अवलंबित्व म्हणून हिणवणे चूक आहे.

बाळांच्या बाबतीत घरोघरी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून किंवा साबणाची वडी टोकदार करून आत घालतात. अंगावर पिणारे बाळ पहिला महिना-दीड महिना उलटल्यावर पाच-सात दिवस शौच न करता राहू शकते. ते नीट पीत असेल, वजन वाढत असेल आणि झालेले शौच मऊ असेल तर काहीच घालण्याची गरज नसते. देठाने नाजूक अस्तराला चीर पडते, साबणाने ते सोलवटते. जन्मल्यानंतर पहिल्या 48 तासांत बाळाने काळे शौच केले नसेल, पोट फुगले असेल किंवा हिरवी उलटी झाली असेल, तर देठ शोधण्यात वेळ न घालवता बाळाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.