कीवेची खोली वरून मोजायची की कडेवरून? वादामागची पार्श्वभूमी

शाफ्टवर कीवे, म्हणजे चावी बसायची लांब खाच, मारताना डेप्थ किती, यावरून शॉपमध्ये दोन तट पडतातच. एक म्हणतो टेबलमधला आकडा सरळ वरून द्या, दुसरा म्हणतो गोलाई आधी जाऊ दे, मग आकडा द्या. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण ते वेगवेगळ्या काळातलं शिकलेले असतात.

भूमिती तर फारच जुनी आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे संस्कृतात नियम लिहून ठेवलाय की जीवेने व्यासाचे जे दोन तुकडे (शर) होतात त्यांचा गुणाकार म्हणजे अर्ध्या जीवेचा वर्ग. ५० मिमी व्यासाचा शाफ्ट, १४ मिमी रुंद चावी घ्या. अर्धी जीवा ७, वर्ग ४९, आणि १ गुणिले ४९ पण ४९. म्हणजे कटर पूर्ण १४ रुंदीला लागेपर्यंत वरचा १ मिमी उंचवटा निघून गेलेला असतो. D शाफ्टचा व्यास, W चावीची रुंदी, c हा वरचा उंचवटा, तर सूत्र असं:

```
c = (D - sqrt(D^2 - W^2)) / 2
```

चावी छिन्नी-कानशीने हाताने बसवायचे तेव्हा हा १ मिमी कुणी मोजत नव्हतं, चावी बसेपर्यंत फिटर घासायचा. पुली एकाने आणि शाफ्ट दुसऱ्याने केला तरी न घासता बसलं पाहिजे अशी गरज आली तेव्हा आकड्यांना किंमत आली.

खरा गुंता इंची आणि मेट्रिकमध्ये आहे. १९६७ च्या अमेरिकन इंची स्टँडर्डमध्ये चौकोनी चावी अर्धी शाफ्टमध्ये, अर्धी हबमध्ये म्हणजे पुलीच्या शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागात, आणि हे अर्धं मोजायचं कीवेच्या भिंतीवर, कडेला. २ इंची शाफ्टला अर्धा इंच चावी, म्हणून भिंत पाव इंच. पण वरून बघितलं तर त्यात जीवेच्या वरचे ३२ थाऊ, म्हणजे इंचाचे ३२ हजारांश, मिळवावे लागतात, एकूण ०.२८२ इंच. हे विसरून वरून नुसता पाव इंच मारला की चावी ३२ थाऊ वर राहते, हबच्या छताला जागा ठेवलेली असते फक्त ५ थाऊ, मग पुली चढत नाही आणि कुणीतरी चावीचं डोकं घासायला बसतो.

जुने मिलिंगवाले यासाठी गणित करत नसत. कटर फिरता ठेवून मशीनचं टेबल हळूहळू वर घ्यायचं, शाफ्टच्या माथ्यावर आधी बारीक चकाकती रेघ उठते, ती रुंद होत जाते, आणि तिची रुंदी कटरएवढी झाली की डायल शून्य करायचा, तिथून पुढे भिंतीची उंची द्यायची. ५० च्या शाफ्टवर शेवटी शेवटी ०.०५ मिमी खोलीला रुंदी जवळजवळ ०.३४ मिमी वाढते, त्यामुळे डोळ्याला नीट कळतं. फार सुंदर पद्धत आहे ही, आणि तिनेच पुढे घोळ केला.

कारण १९६० च्या दशकाच्या शेवटी जी मेट्रिक टेबलं पक्की झाली त्यांनी खोली वरून धरली. ४४ च्या पुढे ५० पर्यंतच्या शाफ्टला १४×९ चावी, शाफ्टची खोली ५.५, हबची ३.८. आता ५.५ मधून तो १ मिमी वजा करा, भिंत उरते ४.५, म्हणजे ९ च्या चावीचं बरोबर अर्धं! गोलाई त्या आकड्यात आधीच धरलेली आहे. जुन्या हाताने रेघ पूर्ण झाल्यावर डायल शून्य करून ५.५ दिले की खाच वरून ६.५ होते. पुली आरामात चढते, म्हणून चूक कळतच नाही. पण चावी हबमध्ये ४.५ ऐवजी ३.५ च पकडते, तेवढ्याच टॉर्कला हबच्या बाजूचा दाब २८-२९ टक्के वाढतो, आणि उलटसुलट लोडवर काही महिन्यांनी हबच्या कीवेची कड चेपलेली दिसते. मी अशी एक कपलिंग हातात घेऊन बघितलीय, सगळे मटेरियलला दोष देत होते आणि शाफ्ट मोजल्यावर उत्तर मिळालं.

माझं मत विचाराल तर वरून मोजायचा निर्णय योग्यच होता, ऑपरेटर कटर टेकवतो तो माथ्यालाच. गडबड "डेप्थ" या एका शब्दाने केली, दोन्हीकडे तोच शब्द आणि आपल्याकडे तर शाफ्टची खाच आणि हबची खाच दोन्हीला कीवेच म्हणतात. शिवाय खाच मारली की तो माथाच तिथे उरत नाही, मग वरून मोजणार कशावरून? बंद टोकाची खाच असेल तर डेप्थ मायक्रोमीटरचा बेस शाफ्टच्या लांबीत आडवा ठेवून दोन्ही टोकांपलीकडच्या माथ्यावर टेकवता येतो, उघड्या टोकाला तेही नाही. म्हणून ड्रॉइंगवर खालून माप द्यावं, शाफ्टच्या खाचेविरुद्धच्या बाजूपासून खाचेच्या तळापर्यंत. आपल्या ५० च्या शाफ्टला ४४.५, टॉलरन्स उणे ०.२. मायक्रोमीटर खाचेत मावत नसेल तर तळाशी माहीत जाडीचा तुकडा ठेवून ती जाडी वजा करायची. ४३.५ आलं तर समजा की गोलाई दोनदा मोजली गेलीय.