पासबुकातल्या TO TRF आणि BY CLG मागची खतावणी

पासबुकात BY TRF 18,000 अशी ओळ दिसली की अनेकांना वाटतं, आपल्याकडून कुणाला तरी पैसे गेले. खरं तर ते आलेले असतात. TO TRF असेल तर गेलेले. हा घोळ समजून घ्यायचा तर संगणकाच्या आधीच्या शाखेत डोकवावं लागतं, कारण आज प्रिंटर जे छापतो त्यातला बराचसा भाग त्या काळच्या खतावणीचा आहे.

पासबुक म्हणजे बँकेच्या लेजरमधल्या आपल्या पानाची नक्कल. ते लिहिलं जातं बँकेच्या बाजूने. जुन्या इंग्रजी हिशेबपद्धतीत खात्याच्या नावे बाजूची प्रत्येक नोंद To ने सुरू होई आणि जमा बाजूची By ने. एवढाच त्याचा अर्थ. आपण पैसे भरले की बँक आपल्याला तेवढं देणं लागते, म्हणून ती रक्कम जमा बाजूला, By लावून. काढले की नावे, To लावून. हिशेबाच्या बऱ्याच नव्या पुस्तकांतून हे दोन शब्द गेले, बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र राहिले.

आता पुढचं TRF, CLG, CASH. हे ग्राहकाला माहिती देण्यासाठी जन्मलेले शब्दच नव्हेत. शाखेत दिवसभराची व्हाउचरं तीन ढिगांत लावली जात: रोख म्हणजे CASH, वर्ग म्हणजे TRF आणि क्लिअरिंग म्हणजे CLG. संध्याकाळी रोजकीर्द जुळवताना प्रत्येक ढीग स्वतंत्रपणे जुळावा लागे. रोखीची बेरीज तिजोरीतल्या नोटांशी. वर्ग व्यवहारांत पैसे बँकेबाहेर जातच नाहीत, एका खात्याला नावे आणि दुसऱ्याला जमा, म्हणून दोन्ही बाजूंची बेरीज सारखी. क्लिअरिंगची बेरीज इतर बँकांशी झालेल्या चेकच्या देवघेवीशी. फरक निघाला तर तो कोणत्या ढिगात आहे हे लगेच कळे, आणि रात्री नऊपर्यंत बसायचं ते एकाच ढिगापुढे बसता येई. म्हणजे ती अक्षरं सांगत होती की हे व्हाउचर कोणत्या ढिगातलं. पैसे कुणाचे, कशाबद्दल, हे सांगणं त्यांचं काम नव्हतंच.

क्लिअरिंगमध्ये आणखी एक उलटापालट आहे. तुम्ही दुसऱ्या बँकेचा चेक खात्यात भरला की तो तुमच्या शाखेतून बाहेर जातो, म्हणून तो ‘आउटवर्ड’. पासबुकात BY CLG. तुम्ही लिहून दिलेला चेक दुसऱ्या बँकेतून तुमच्या शाखेत येतो, तो ‘इनवर्ड’. पासबुकात TO CLG. कागद येतो तेव्हा पैसे जातात. काउंटरवरच्या माणसाने ‘इनवर्डला लागलंय’ म्हटलं तर खात्यातून रक्कम वजा झाली असं समजावं.

1986 मध्ये मुंबईत चुंबकीय शाईतले आकडे वाचणाऱ्या यंत्रांवर चेकची छाननी सुरू झाली. चेकच्या तळाशी असलेला नऊ आकडी कोड तेव्हाचा: पहिले तीन आकडे शहराचे (मुंबई 400, पुणे 411, पिनकोडसारखेच), मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. 27 एप्रिल 2013 पासून मुंबईत चेकऐवजी त्याची प्रतिमा पाठवणारी सीटीएस पद्धत आली. चेकचे गठ्ठे नेणं-आणणं संपलं, पण पासबुकात CLG तसंच.

1984 मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची वाट आखून दिली. त्यानंतर शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली आणि पुढे सगळ्या शाखा जोडणारं कोअर बँकिंग. प्रत्येक टप्प्यावर जुने तीन ढीग नव्या यंत्रात जसेच्या तसे भरले गेले. माझ्या मते खरा गोंधळ इथे झाला. एनईएफटी 2005 मध्ये आलं, आयएमपीएस 2010 मध्ये, यूपीआय 2016 मध्ये. यात रोख नाही आणि चेकही नाही. शाखेच्या दृष्टीने समोरची बाजू म्हणजे बँकेचंच एक अंतर्गत खातं. मग उरला तो वर्ग. म्हणून दुसऱ्या बँकेतून आलेला पगारसुद्धा काही पासबुकांत BY TRANSFER-NEFT असा दिसतो. पूर्वी वर्ग म्हणजे ‘याच बँकेतला’ अशी खात्री होती. आता TRF नंतर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय काहीच कळत नाही.

SI म्हणजे स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, स्थायी सूचना. आधी शाखेत त्याची वही असे. ठरल्या तारखेला कारकून वही उघडून बचत खात्याला नावे आणि रिकरिंगला जमा अशी व्हाउचरं करी. वही विसरली की हप्ता चुकला. आता हे काम रात्री संगणक करतो. स्थायी सूचना बहुधा त्याच बँकेतल्या खात्यांत चालते. दुसऱ्या बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा हप्ता असेल तर आधी ECS आणि आता NACH ही बँकांमधली आपोआप वसुलीची व्यवस्था, जी पासबुकात ACH DR अशी छापली जाते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. खात्यात 1,600 रुपये आहेत.

```
03  BY CLG 452310      12,500  जमा   14,100
04  CHQ RTN 452310     12,500  नावे   1,600
07  ACH RTN CHG           295  नावे   1,305
```

खातेदार 7 तारखेच्या 295 रुपयांवर चिडतो. पण कारण वर आहे. 3 तारखेला जमा दिसलेले 12,500 हे चेक वटण्याआधीचे, कच्चे. पासबुकात शिल्लक वाढली तरी काढता येणारी शिल्लक वाढली नव्हती. 4 तारखेला चेक परत आला. 5 तारखेला 4,800 चा कर्जाचा हप्ता मागायला आला तेव्हा खात्यात 1,600 होते. न वटलेला हप्ता काही बँका नावे टाकून लगेच उलटवतात. इथे मात्र त्याची ओळच पडलेली नाही, दिसतं ते शुल्क: 250 आणि 18 टक्के जीएसटीचे 45. चेक परतीचं शुल्क वेगळं लागू शकतं आणि कर्ज देणाऱ्याचा दंड तर या पासबुकात येणारच नाही. शुल्काची ओळ अशी उलट, वरच्या दिशेने वाचावी लागते.

जून 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने नोंदींत किमान काय असावं याची यादीच बँकांना पाठवली. पैसे कुणाला गेले त्याचं नाव आणि मार्ग, शुल्क कशाचं, चुकीची नोंद उलटवली असेल तर मूळ नोंदीची तारीख, चेक जमा असेल तर त्याचा नंबर आणि बँक. अंमलबजावणी सारखी नाही. छापायच्या रकान्याची रुंदी अजून जुन्या पासबुकाची, त्यामुळे नाव मध्येच तुटतं. निव्वळ TO TRF छापलेलं असेल तर शाखेत ‘हे कसले पैसे?’ असं विचारण्याऐवजी तारीख आणि रक्कम दाखवून ‘याची समोरची नोंद कोणत्या खात्याला आहे?’ असं विचारावं. वर्ग व्यवहाराला ती असतेच. ACH ला मँडेटचा, म्हणजे हप्ता कापायला दिलेल्या मंजुरीचा, वीस अक्षरी क्रमांक, यूएमआरएन, मागावा. यूपीआयच्या ओळीत UPI/DR/ नंतरचा बारा आकडी क्रमांक पुरतो, नाव अर्धवट असलं तरी.