सहसंबंध आणि कार्यकारणभाव : दारूदुकाने व स्थानिक गुन्हे

दोन गोष्टी सोबत वाढत वा घटत असतील तर तो सहसंबंध. एकीमुळे दुसरी घडत असेल तर तो कार्यकारणभाव. सांगली-मिरजेत एसटी स्टँड, बाजारपेठ, रेल्वे स्टेशन इथे वर्दळ असते, म्हणून दारूदुकान चालते. वर्दळ असते म्हणूनच पाकीटमारीही होते. नकाशावर दोन्हींचे ठिपके जवळजवळ पडले, तरी निम्मे काम वर्दळीचेच असू शकते. गरिबीचेही तसेच. गरीब वस्तीत गुत्ता असतो आणि भांडणे उघड्यावर होतात, बंगल्यातली मारहाण मात्र ठाण्यापर्यंत येतच नाही. पोलीस वाढले की नोंदीही वाढतात, कारण दारूबंदी कायद्याखालचा गुन्हा बहुधा छापा पडला तरच वहीत चढतो.

या गुंत्याची उत्तम कसोटी म्हणजे महाराष्ट्रातले ‘आडवी बाटली’चे मतदान. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात. गावच्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली, तर परवान्याचे दुकान बंद होते.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मारहाणीच्या तक्रारी तीन वर्षे अनुक्रमे 11, 13 आणि 12 होत्या. चौथ्या वर्षी त्या 22 झाल्या, बायका पेटून उठल्या आणि बाटली आडवी झाली. पुढच्या वर्षी तक्रारी 14 वर आल्या. 8 तक्रारी घटल्या, हे खरे. पण मतदान झाले तेच मुळी सर्वांत वाईट वर्षानंतर. असे वर्ष सरले की आकडा आपोआपही नेहमीच्या पातळीकडे, इथे 12 कडे, वळतो. म्हणून तसाच उद्रेक झालेले, पण दुकान चालू राहिलेले शेजारचे गाव पाहावे. तिथे तक्रारी 21 वरून 15 वर आल्या असतील, तर 6 ची घट दुकान बंद न होताही झाली. दुकानबंदीच्या खात्यावर फार तर 2 उरतात, आणि एवढ्या लहान आकड्यांत 2 चा फरक योगायोगानेही पडतो. त्यामुळे अशी पुष्कळ गावे एकत्र तपासावी लागतात.

याहून चोख तुलना 50 टक्क्यांच्या रेषेपाशी सापडते. 51 टक्क्यांवर जिंकलेले आणि 49 टक्क्यांवर हरलेले गाव स्वभावाने जवळपास सारखेच असते. फरक काय तो दुकानाचा. जावळी-पाटणकडच्या कित्येक बायका मुंबईला असतात, पण नाव गावच्या यादीत असते. मतदानाला न आलेली बाई हिशेबात उभ्या बाटलीकडेच जाते. त्यामुळे अवघ्या एका एसटीभर बायका पोहोचल्या की नाहीत, यावरही निकाल फिरू शकतो, आणि अभ्यासकाला असाच योगायोग हवा असतो.

तरीही तक्रारींचा आकडा जपून वापरावा लागतो. मतदान जिंकलेल्या बायका नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार द्यायला पूर्वीपेक्षा धजावतात, तेव्हा मारहाण घटूनही नोंदी वाढलेल्या दिसू शकतात. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयातल्या जखमींच्या नोंदी पोलिसांच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहाव्या लागतात.