स्टेंट बसला, मग आता एखादी बिडी का नाही?

शेजारचे काका अँजिओप्लास्टी होऊन पाचव्या दिवशी घरी आले. तीस वर्षं रोज वीसेक बिड्या. भेटायला गेलो तर म्हणाले, "डॉक्टरांनी नळ साफ करून दिलाय. आता दिवसाला एखादी ओढली तर काय बिघडतं?" फाइल चाळली. औषधांची लांबलचक यादी, खाली पथ्याच्या रकान्यात एक ओळ: 'धूम्रपान टाळा'. काकांना दवाखान्यात मिळालेलं समुपदेशन एवढंच.

घोळ त्या 'नळ' शब्दात आहे. पाइपात क्षार साचत जावेत तशी चरबी साचत जाते आणि एक दिवस रक्तवाहिनी बुजते, असं आपल्याला वाटतं. हृदयविकाराचे बहुतेक झटके तसे येत नाहीत. वाहिनीच्या भिंतीत चरबीचा एक फुगवटा असतो, तो कधीकधी निम्मी वाटही अडवत नाही. त्याची वरची पातळ साय फाटते, आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो आणि शरीराला वाटतं, जखम झाली. मग जखमेवर जे होतं तेच तिथे होतं, गुठळी बनते. वाहिनी खरी बंद होते ती या गुठळीने, तीही काही मिनिटांत. मेंदूच्या वाहिनीत असंच घडलं तर लकवा. स्टेंट फाटलेली एक जागा उघडी धरतो, बाकीचे फुगवटे होते तिथेच राहतात.

गुठळीची सुरुवात करतात त्या प्लेटलेट. डेंगीत ज्यांचा आकडा खाली आला की घरादाराची झोप उडते, त्याच. या पेशींचं मला फार कौतुक आहे. त्यांना केंद्रक नसतं, त्यामुळे त्या स्वतःची डागडुजी जवळपास करू शकत नाहीत. अस्थिमज्जेतून निघतात, आठ-दहा दिवस रक्तात फिरतात आणि संपतात. एरवी त्या शांत असतात, कारण वाहिनीचं आतलं अस्तर सतत थोडा थोडा नायट्रिक ऑक्साइड वायू सोडत असतं. तो प्लेटलेटना 'चिकटू नका' असं सांगत राहतो. धुरातली रसायनं हा वायू नष्ट करतात आणि अस्तराची तो बनवण्याची ताकदही कमी करतात. समजावणारं कोणी उरलं नाही की प्लेटलेट चिडखोर होतात. जरा ओरखडा दिसला की एकमेकींना चिकटायला तयार. ॲस्पिरिन त्यांना उलट्या बाजूने आवरते. एकदा तिच्या तावडीत सापडलेली प्लेटलेट मरेपर्यंत थंड राहते. पण रोज सुमारे एक दशांश प्लेटलेट नव्या येतात, म्हणून गोळी रोज घ्यावी लागते. सकाळी ॲस्पिरिन आणि चहानंतर बिडी, म्हणजे एकाच पेशीला एका हाताने थोपटायचं आणि दुसऱ्याने चिमटा काढायचा.

आता याच गणिताची चांगली बाजू. पेशी दहा दिवसांत बदलत असतील, तर बिडी सोडल्यावर पंधरवड्यात रक्तातल्या जवळजवळ सगळ्या प्लेटलेट धूर न पाहिलेल्या असतील. जपानी संशोधकांनी जुन्या धूम्रपान करणाऱ्यांना थांबायला लावून हे तपासलं आणि २००५मध्ये छापलं: दोन आठवड्यांतच प्लेटलेटची चिकटण्याची खोड कमी झाली होती. भिंतीतले फुगवटे इतक्या लवकर जात नाहीत. पण गुठळीचा धोका उतरायला त्यांची वाट पाहावी लागत नाही. हृदयरोगानंतर धूम्रपान सोडलेल्यांचे वीस अभ्यास २००३मध्ये एकत्र पाहिले गेले, तेव्हा सोडणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी कमी निघालं.

आणि 'एखादी'? प्लेटलेट चिडायला फार धूर लागत नाही. २०१८च्या एका मोठ्या विश्लेषणात रोज एकच सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मा आढळला. विसाची एक केली म्हणून धोका विसावा भाग होत नाही.

मग सुटत का नाही? दवाखान्यात काकांनी पाच दिवस बिडी ओढली नव्हती, पण त्याला सोडणं म्हणत नाहीत, ती सक्ती होती. तलफेचा कडेलोट पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो. दवाखान्यातल्या त्या रात्री काका चिडत होते, झोपत नव्हते, आणि घरच्यांना वाटलं हृदयाचंच काही असेल. तेव्हाच कोणी विचारायला हवं होतं की उठल्यावर पहिली बिडी किती मिनिटांनी लागते. उत्तर 'अंथरुणातच' असं आलं तर नुसत्या निर्धारावर भागत नाही. निकोटीनची पट्टी किंवा गोळी लागते. हृदयरोग्याला निकोटीन कसं द्यायचं, अशी भीती अनेकांना वाटते. पण पट्टीतून ते हळूहळू येतं आणि त्यासोबत धूर नसतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही पट्टी बिडीपेक्षा कितीतरी सुरक्षित. च्युइंगमसारखी गोळी मात्र चघळत राहायची नसते. झिणझिणी आली की गालात धरायची, आणि चहा पिता पिता तर नाहीच. चहा-कॉफीने तोंडातलं निकोटीन नीट शोषलं जात नाही, मग लोक म्हणतात गोळीचा उपयोग नाही.

(एसटी स्टँडच्या भिंतीवर 'रुग्णाच्या नकळत तंबाखू सोडवा' असं रंगवलेलं असतं. चहात टाकायची ती पूड कशाची, हे कोणी सांगत नाही. हृदयाची पाच औषधं चालू असलेल्या माणसाला नकळत सहावं देणं हा गुन्हाच म्हटला पाहिजे.)

खरा कस लागतो तो घरी आल्यावर. तोच कट्टा, जेवणानंतरची तीच वेळ. दवाखान्यातल्या समुपदेशनाचे अभ्यास एकत्र केल्यावर एक गोष्ट ठळक दिसली: डिस्चार्जनंतर निदान महिनाभर संपर्क चालू राहिला तर फायदा होतो, खाटेशेजारच्या चार वाक्यांचा फारसा नाही. हृदय पुनर्वसनाचं, म्हणजे झटक्यानंतरच्या व्यायाम आणि सल्ल्याच्या वर्गाचं, महत्त्व मला इथे दिसतं. लोकांना वाटतं तिथे फक्त ट्रेडमिलवर चालवतात. पण आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण बारा आठवडे, तोच फिजिओ भेटतो. त्याला वास येतो, नाडीचा वेग दिसतो. दवाखाना लांब असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन फोनवर हाच पाठपुरावा करते.

लकव्याच्या रुग्णात आणखी एक माणूस धरावा लागतो. उजवा हात गेलेल्या आजोबांना तंबाखू मळून देणारं घरातच कोणी असतं, बहुधा मायेपोटीच. समुपदेशन त्या व्यक्तीचंही व्हायला हवं.

काका तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या आग्रहाने पुनर्वसनाला जाऊ लागले. तिथे धुरातून श्वासात येणारा कार्बन मोनॉक्साइड वायू मोजायचं यंत्र होतं, ते सगळीकडे नसतं. श्वास पंधरा सेकंद धरून फुंकायचं. पहिल्या दिवशी आकडा ११ आला आणि सकाळच्या दोन बिड्या उघड झाल्या. पट्टी सुरू झाली. पुढच्या दोन आठवड्यांत आकडा २वर उतरला, काका सगळ्यांना सांगत सुटले.

फिजिओने मात्र खिशाकडे पाहिलं. चुन्याच्या डबीचा गोल उमटला होता. हे यंत्र फक्त धूर पकडतं, मळलेली तंबाखू त्याला दिसत नाही. काकांचं म्हणणं, "धूर तर नाही ना?" बावन्न देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याची शक्यता दुपटीहून थोडी जास्त निघाली होती. स्वीडनमध्ये झटक्यानंतर ओठाखालची तंबाखू सोडलेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्मे होते. आपली तंबाखू त्यांच्यासारखी नाही, तेव्हा आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही, पण धूर नसला म्हणजे झालं, असं त्यातून मुळीच निघत नाही.

फिजिओने हे सगळं सांगितलं नाही. त्याने डबी टेबलावर ठेवायला सांगितली आणि विचारलं, "जेवणानंतरची पहिली की झोपायच्या आधीची, कुठली सोडायला जड जाईल?" काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जेवणानंतरची." शुक्रवारी दुपारी दीड वाजता काकांना फोन करायचा, असं त्याने वहीत लिहून घेतलं.