गेम एवढे फुगले कसे, आणि छोट्या एसएसडीत ते मावतात का?

बाल्डर्स गेट ३ पीसीवर १५० जीबी जागा मागतो, स्टारफील्ड १२५ जीबी, आणि दोघांनाही एसएसडीच लागते. २००४ साली हाफ-लाइफ २ साडेचार जीबीत बसत होता. मधल्या वीस वर्षांत ग्राफिक्स सुधारले, टेक्स्चर मोठी झाली, हे खरंच आहे. पण आकार वाढण्यामागे अजून एक कारण होतं, आणि ते गेमपेक्षा हार्ड डिस्कशी जास्त निगडित होतं.

हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावर सरकणारं वाचक-टोक. हव्या त्या जागी पोहोचायला त्या टोकाला दर वेळी साधारण दहा मिलिसेकंद लागतात. खुल्या जगाच्या गेममध्ये शहराचा एकेक तुकडा खेळता खेळता लोड होत असतो. त्यातली झाडं, दिवे, कचरापेट्या डिस्कवर चार दिशांना विखुरलेल्या असतील, तर सगळा वेळ टोक इकडून तिकडे नेण्यातच जातो आणि गेम अडखळतो. यावर बनवणाऱ्यांनी काढलेला उपाय सोपा होता, पण जागेच्या दृष्टीने उधळा: प्रत्येक तुकड्याला लागणारं सगळं सामान त्या तुकड्याशेजारीच पुन्हा लिहून ठेवायचं. प्लेस्टेशन ५ची रचना समजावून सांगताना २०२० साली त्या कन्सोलचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी स्पायडर-मॅनचं उदाहरण दिलं होतं. रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या काही वस्तूंच्या त्या गेममध्ये तब्बल चारशे प्रती होत्या.

दुसरा वाटेकरी म्हणजे आवाज. २०१४ साली पीसीवर आलेल्या टायटनफॉलने ४८ जीबी व्यापले, त्यातले सुमारे ३५ जीबी नुसता ध्वनी होता, तोही कॉम्प्रेस न केलेला. दोन कोरच्या जुन्या प्रोसेसरवर ध्वनी उलगडण्याचा भार पडू नये, म्हणून केलेली ती सोय. थोडक्यात, कमकुवत मशीनची भरपाई जागा खर्चून केली जात होती.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. कुठूनही वाचलं तरी मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात उत्तर मिळतं, त्यामुळे त्या प्रतींची गरज उरत नाही. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा हेलडायव्हर्स २ने दिला. पीसीवर हा गेम १५० जीबीच्या पुढे गेला होता, कन्सोलवर मात्र तो त्याच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यात बसायचा. २०२५च्या अखेरीस बनवणाऱ्यांनी दुबार प्रती काढून टाकल्या आणि पीसीवरचा आकार सुमारे २३ जीबीवर आला. गंमत म्हणजे हार्ड डिस्कवाल्यांनाही त्याचा फारसा फटका बसला नाही. लोडिंगचा बराचसा वेळ नकाशा तयार करण्यात जात होता, डिस्क वाचण्यात नव्हे.

पण सगळेच गेम असे आक्रसणार नाहीत. बाल्डर्स गेट ३सारख्यांचा आकार मुख्यतः खऱ्याखुऱ्या सामानाचा आहे. म्हणून छोट्या एसएसडीचा हिशेब मांडायलाच हवा.

२५६ जीबीची एसएसडी घेतली, तर विंडोज ती २३८ जीबी दाखवतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. विंडोज, त्याची पेजिंग फाइल आणि अपडेट मिळून चाळीसेक जीबी धरा. उरले दोनशेच्या आसपास. त्यात १५० जीबीचा गेम टाकला की पन्नासच्या आत शिल्लक. कागदावर बसलं. अडतं ते अपडेटच्या वेळी.

गेमचा डेटा बऱ्याचदा मोजक्या, पण अवाढव्य फाइल्समध्ये बांधलेला असतो. अशा फाइलमधला छोटासा भाग बदलायचा असला तरी स्टीम हे गेम विकणारं आणि अपडेट करणारं अ‍ॅप जुनी फाइल तशीच ठेवून शेजारी नवी पूर्ण फाइल उभारतं आणि मगच जुनी काढतं. त्यामुळे डाउनलोड दोन जीबीचं आणि मोकळी जागा मात्र पन्नास जीबी हवी, असं होऊ शकतं. बाल्डर्स गेट ३च्या मोठ्या पॅचच्या वेळी, जागा पुरत नसेल तर गेम काढून पुन्हा डाउनलोड करा, असा सल्ला खुद्द बनवणाऱ्यांनी दिला होता. स्टीमच्या डाउनलोड पानावर नेटचा वेग शून्य आणि डिस्कचा आलेख मात्र चढलेला दिसला, तर हेच काम चालू आहे असं समजावं.

शिवाय काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना मंदावते, विशेषतः स्वस्तातली. वेगाने लिहिण्यासाठी ती मोकळी जागाच तात्पुरती वापरत असते, आणि तीच संपलेली असते. दहा-पंधरा टक्के रिकामे ठेवलेले बरे.

तेव्हा २५६ जीबीत एका वेळी एकच मोठा गेम, तोही अपडेटच्या वेळी कुरकुर सोसून. माझ्या मते नव्याने घेताना ५१२ जीबीच्या खाली जाऊ नये. तिथे दोन मोठे गेम मोकळा श्वास घेतात. जवळ जुनी हार्ड डिस्क असेल तर ती फेकू नका. एसएसडी न मागणारे जुने गेम तिच्यावर ठीक चालतात, आणि सध्या न खेळला जाणारा मोठा गेमही स्टीममधून तिच्यावर हलवून ठेवता येतो. परत आणताना दीडशे जीबी पुन्हा डाउनलोड करावे लागत नाहीत.